घरपट्टी वाढली, तर भाडेकरूकडून किती घ्यायचं आणि हिशोब कसा दाखवायचा

घरपट्टीचं नवं बिल हातात पडलं की अनेक घरमालक एकच वाक्य बोलतात: "घरपट्टी वाढलीय, पुढच्या महिन्यापासून पाचशे रुपये जास्त द्या." भाडेकरूला पाचशे रुपये देणं एकवेळ जमेल, पण हे पाचशे आले कुठून हे त्याला कळत नाही आणि तिथून वाद सुरू होतो. हिशोब मांडून पाहिला तर सातारा शहरातल्या साध्या घरात एका भाडेकरूच्या वाट्याची वाढ बऱ्याचदा महिन्याला पन्नास रुपयांच्या आसपासच असते. बाकीचे साडेचारशे म्हणजे भाडेवाढ. भाडं वाढवायचं असेल तर करारात बसेल तसं वाढवावं, पण घरपट्टीच्या नावावर ते घेऊ नये.

घर पहिल्यांदाच भाड्याने दिलेल्या किंवा वडिलांकडून भाडेकरूंसह घर हाती आलेल्या मालकांसाठी हा लेख आहे. एकाच घरात दुकान, दोन भाडेकरू कुटुंबं आणि मालक स्वतः राहतो, असं उदाहरण घेतलं आहे, कारण हिशोब सगळ्यात जास्त अशाच घरात चुकतो.

वाढ कशातून झाली ते आधी पाहा

साताऱ्यात नगरपालिका आहे. तिथली कर आकारणी महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ प्रमाणे होते आणि दर चार वर्षांनी ती नव्याने करायची असते. कचेरीत तिला चतुर्थ वार्षिक फेरआकारणी म्हणतात. सांगली-मिरज-कुपवाडला महानगरपालिका आहे, त्यामुळे कायदा वेगळा आणि बिल सहा-सहा महिन्यांचं. वाटणीची रीत मात्र दोन्हीकडे सारखीच चालते.

घरपट्टी तीन वेगवेगळ्या कारणांनी वाढते. एक म्हणजे जागेचं करयोग्य मूल्य वाढतं. दुसरं, कराचा टक्का वाढतो. तिसरं, घराची नोंदच बदलते, म्हणजे क्षेत्रफळ जास्त धरलं जातं, निवासी खोली बिगर निवासी ठरते किंवा मागचं पत्र्याचं शेड नव्याने यादीत येतं. पहिल्या दोन कारणांचा भार घरातल्या सगळ्यांवर पडतो. तिसऱ्याचा भार फक्त त्याच जागेचा असतो. मालकाने गच्चीवर नवी खोली बांधली आणि त्यामुळे बिल वाढलं, तर तळमजल्यावरच्या भाडेकरूचा त्याच्याशी काही संबंध नाही. उलट, भाडेकरूने राहत्या खोलीत शिकवणी किंवा शिलाईचं दुकान सुरू केलं आणि ती खोली बिगर निवासी लागली, तर ती वाढ त्याच्या एकट्याच्या ओळीत बसते.

हे समजण्यासाठी चार कागद समोर हवेत: वाढीआधीचं शेवटचं बिल, वाढीनंतरचं पहिलं बिल, फेरआकारणीची नोटीस आणि कर आकारणी नोंदवहीचा उतारा. बहुतेक मालक उतारा काढतच नाहीत, आणि सगळा हिशोब त्याच्यावरच उभा असतो. बिलावर घराचा एकूण आकडा असतो. उताऱ्यात घराच्या प्रत्येक भागाची ओळ असते: मजला, वापर, बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ, भोगवटादाराचं नाव आणि त्या भागाचं करयोग्य मूल्य. नगरपालिकेच्या वसुली किंवा कर विभागात मालमत्ता क्रमांक देऊन अर्ज केला की उतारा मिळतो.

करयोग्य मूल्य कसं ठरतं

जागा वर्षभर भाड्याने दिली तर वाजवी भाडं किती येईल, हा पहिला आकडा. त्याला वार्षिक भाडेमूल्य म्हणतात. दुरुस्तीपोटी त्यातून १० टक्के वजा करतात. उरतं ते करयोग्य मूल्य, आणि कराचे सगळे टक्के त्याच्यावर लागतात. वाजवी भाड्यासाठी नगरपालिका विभागवार आणि बांधकामाच्या प्रकारानुसार दर चौरस मीटरला महिन्याचा दर ठरवते. आर.सी.सी., लोडबेअरिंग, माती-विटा, पत्रा यांचे दर वेगवेगळे असतात, आणि दुकानाचा दर राहत्या खोलीपेक्षा बराच जास्त असतो.

बिलावर नगरपालिकेच्या स्वतःच्या करांबरोबर राज्य सरकारचे दोन करही येतात. एक शिक्षण कर, दुसरा रोजगार हमी कर. शिक्षण कर निवासी जागेला मूल्याच्या टप्प्यानुसार जास्तीत जास्त ६ टक्के असतो, आणि बिगर निवासी जागेला त्याच्या दुप्पट, म्हणजे १२ टक्क्यांपर्यंत. रोजगार हमी कर फक्त बिगर निवासी जागेला लागतो, जास्तीत जास्त ३ टक्के. म्हणजे घरात दुकान असेल तर त्याच्यावर दराचाही भार जास्त आणि टक्क्याचाही. म्हणूनच अशा घरात नुसत्या क्षेत्रफळावर वाटणी केली की राहणारी कुटुंबं दुकानाचा कर भरत बसतात.

एका घराचा पूर्ण हिशोब

शुक्रवार पेठेत एक दुमजली घर आहे असं समजा. तळमजल्याला पुढे २० चौरस मीटरचं किराणा दुकान, मागे ४० चौरस मीटरमध्ये एक जुनं भाडेकरू कुटुंब. वर ४० चौरस मीटरमध्ये दुसरं कुटुंब, ते अकरा महिन्यांच्या करारावर. उरलेल्या ६० चौरस मीटरमध्ये मालक. एकूण १६० चौरस मीटर. खालचे दर आणि टक्के उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुमचे आकडे तुमच्या नोटिशीतून आणि बिलातून घ्यायचे.

फेरआकारणीआधी राहत्या जागेचा दर चौरस मीटरला महिना १० रुपये होता, तो १४ झाला. दुकानाचा २५ होता, तो ४० झाला. नगरपालिकेचे सगळे कर मिळून २५ टक्के होते आणि तेवढेच राहिले. निवासी शिक्षण कर ६ टक्के, दुकानाला शिक्षण कर १२ टक्के आणि रोजगार हमी कर ३ टक्के. म्हणजे राहत्या जागेला एकूण ३१ टक्के, दुकानाला ४० टक्के.

आता एका भाडेकरू कुटुंबाची ओळ सावकाश पाहू. जुना हिशोब: ४० चौरस मीटर गुणिले १० रुपये गुणिले १२ महिने, म्हणजे ४,८०० रुपये वार्षिक भाडेमूल्य. त्यातून १० टक्के वजा, म्हणजे ४८० गेले, राहिलं ४,३२० रुपये करयोग्य मूल्य. त्याचे ३१ टक्के म्हणजे १,३३९ रुपये २० पैसे. नवा हिशोब: ४० गुणिले १४ गुणिले १२ म्हणजे ६,७२० रुपये. १० टक्के वजा करून ६,०४८. त्याचे ३१ टक्के १,८७४ रुपये ८८ पैसे. दोन्हींतला फरक ५३५ रुपये ६८ पैसे. या कुटुंबाच्या जागेमुळे मालकाला वर्षाला एवढाच जास्त कर भरावा लागतो, महिन्याला ४४ रुपये ६४ पैसे.

दुकानाची ओळही तशीच: जुनं करयोग्य मूल्य ५,४०० आणि त्याचे ४० टक्के २,१६०. नवं मूल्य ८,६४० आणि त्याचे ४० टक्के ३,४५६. फरक १,२९६ रुपये, म्हणजे महिन्याला १०८.

| जागा | जुना कर (₹) | नवा कर (₹) | वाढ (₹) |
|---|---|---|---|
| दुकान, २० चौ.मी. | २,१६०.०० | ३,४५६.०० | १,२९६.०० |
| तळमजला कुटुंब, ४० चौ.मी. | १,३३९.२० | १,८७४.८८ | ५३५.६८ |
| वरचं कुटुंब, ४० चौ.मी. | १,३३९.२० | १,८७४.८८ | ५३५.६८ |
| मालक, ६० चौ.मी. | २,००८.८० | २,८१२.३२ | ८०३.५२ |
| एकूण | ६,८४७.२० | १०,०१८.०८ | ३,१७०.८८ |

शेवटची ओळ बिलाशी जुळली पाहिजे. रुपया-दोन रुपयांचा फरक पडला तर तो अपूर्णांकांचा असतो. शंभर-दोनशेचा फरक दिसला तर एखादा कर तुमच्या बेरजेतून सुटलाय, किंवा बिलात थकबाकी मिसळलीय. ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता हीच वाढ दुसऱ्या रीतीने वाटली तर काय होतं ते पाहा. मालकाने स्वतःला वगळून ३,१७० रुपये तिघांत सारखे वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १,०५७ रुपये येतात. राहणाऱ्या कुटुंबावर त्याच्या खऱ्या वाट्याच्या जवळजवळ दुप्पट भार पडतो आणि मालक आपल्या ६० चौरस मीटरचाही कर त्यांच्याकडून घेतो. क्षेत्रफळावर वाटलं तर कुटुंबाला ७९३ रुपये पडतात आणि दुकानदाराला फक्त ३९६. दुकानाची जागा घराच्या साडेबारा टक्के आहे, पण वाढीतला जवळपास ४१ टक्के भाग दुकानामुळे आलेला आहे. म्हणून आमचं ठाम मत आहे की मिश्र वापराच्या घरात ओळीप्रमाणेच वाटणी करावी. घरातल्या सगळ्या जागा निवासी आणि एकाच बांधकामाच्या असतील, तर क्षेत्रफळावर वाटूनही उत्तर तेच येतं. तिथे एवढा खटाटोप करायची गरज नाही.

उताऱ्यात भागवार ओळी नसून सगळ्या घराचा एकच आकडा असेल, तर वरचंच सूत्र हाताने लावायचं: जागेचं क्षेत्रफळ, त्या वापराचा दर, बारा महिने, १० टक्के वजा, आणि त्या वापराचे टक्के. सगळ्यांसाठी एकच पद्धत वापरली आणि बेरीज बिलाशी जुळली की हिशोब भक्कम.

वाटणीत काय घ्यायचं नाही

बिल वेळेत भरलं नाही की दरमहा २ टक्के शास्ती लागते. ही शास्ती मालकाने उशीर केल्याची आहे, ती भाडेकरूच्या वाट्यात कधीच येत नाही. तीच गोष्ट मागील थकबाकीची, नोटीस फीची आणि विनापरवाना बांधकामापोटी लागलेल्या दंडाची. बिलाच्या तळाचा "एकूण देय" आकडा उचलून वाटणी करणारे इथेच फसतात. त्या आकड्यात दोन वर्षांची थकबाकी बसलेली असते आणि वाढ अचानक दुपटीची दिसते. नेहमी "चालू मागणी"चा रकाना धरा.

घनकचऱ्याचं शुल्क वेगळं ठेवा. ते करयोग्य मूल्यावर नसून घर किंवा दुकान मोजून लावलेलं असतं. ते ज्याचं त्याने द्यावं. पाणीपट्टीचंही तसंच. आणि मुदतीत भरल्यामुळे बिलात सूट मिळाली असेल, तर तीही प्रत्येकाच्या वाट्यात त्याच प्रमाणात द्यायची. भार वाटायचा आणि सूट ठेवून घ्यायची, हे भाडेकरूच्या बरोबर लक्षात येतं.

आपल्याला मागायचा हक्क आहे का

हिशोब बरोबर असला तरी मागायचा अधिकार करारावर आणि कायद्यावर ठरतो. उदाहरणातल्या घरात तिघांची स्थिती वेगळी आहे.

तळमजल्याचं कुटुंब जुनं भाडेकरू आहे. त्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं संरक्षण आहे. या कायद्याच्या कलम १२ मध्ये करांमुळे होणाऱ्या भाडेवाढीची तरतूद आहे. मालकाला सरकारला किंवा स्थानिक संस्थेला त्या जागेपोटी जास्तीचा कर भरावा लागत असेल तर तेवढी वाढ भाड्यात करता येते, पण प्रत्यक्ष भरलेल्या वाढीपेक्षा एक रुपयाही जास्त नाही. याच कायद्याने भाड्यात करता येणारी दरवर्षीची चार टक्के वाढ आणि करामुळे होणारी ही वाढ वेगवेगळ्या आहेत. त्या एकाच आकड्यात मिसळल्या तर पुढे न्यायालयात कोणती वाढ किती होती हे मालकालाच दाखवता येत नाही. जुन्या भाडेकरूचं भाडं फार कमी असतं, त्यामुळे ४५ रुपयेही त्याला मोठे वाटू शकतात. तिथे कागद दाखवून बोलणं जास्त गरजेचं.

वरचं कुटुंब लिव्ह अँड लायसेन्स करारावर आहे. त्यांच्या नोंदणीकृत करारात बहुधा असं वाक्य असतं: वीजबिल लायसेन्सीने भरावं, घरपट्टी मालकाने भरावी. असं लिहिलेलं असेल तर करार चालू असेपर्यंत वाढीतला एक पैसाही मागता येत नाही. करार १ ऑक्टोबर ते ३१ ऑगस्ट असेल, तर एप्रिल ते ऑगस्ट या पाच महिन्यांचे २२३ रुपये २० पैसे मालकाने सोसायचे. १ सप्टेंबरच्या नव्या करारात वाढ भाड्यातच धरावी किंवा "चालू आकारणीपेक्षा जास्त कर आला तर या जागेच्या ओळीतली वाढ लायसेन्सीने द्यावी" असं कलम घालावं. "वाढीव कर भाडेकरूने द्यावा" एवढंच अर्धवट लिहू नका. कोणत्या तारखेच्या आकारणीपेक्षा वाढीव, आणि घराची वाढ की जागेची, हे लिहिलेलं नसेल तर प्रत्येक जण आपल्या सोयीचा अर्थ काढतो.

दुकानाच्या करारात असं कलम आधीपासून असतं असं धरू, त्यामुळे तिथून १,२९६ रुपये घेता येतात. मालक जीएसटीत नोंदणीकृत असेल तर हा वाटाही भाड्याच्या रकमेत मोजून त्यावर जीएसटी लागतो, हे दुकानदाराला आधीच सांगून ठेवावं.

म्हणजे ३,१७० रुपयांच्या वाढीतून मालकावर स्वतःचे ८०३ रुपये ५२ पैसे आणि वरच्या कुटुंबाचे २२३ रुपये २० पैसे मिळून १,०२६ रुपये ७२ पैसे पडतात. हा आकडा भाडेकरूंना सांगण्यात कमीपणा नाही. मालकही आपला वाटा उचलतो हे दिसलं की बाकीच्यांचा विरोध बराच मावळतो.

कधी मागायचं

नोटीस आली म्हणजे कर ठरला असं नाही. नोटिशीवर हरकत घ्यायला ३० दिवस मिळतात, मग सुनावणी होते आणि त्यानंतर आकारणी कायम होते. नोटिशीतल्या आकड्यावर पैसे गोळा करू नका. पण नोटीस आली त्याच आठवड्यात ती भाडेकरूंना दाखवा, कारण त्यांच्या जागेची चूक त्यांनाच आधी दिसते. मोजणी भिंतींसकट झालीय का, समाईक जिना एखाद्याच्या क्षेत्रफळात घुसलाय का, माती-विटांची खोली आर.सी.सी. लागलीय का, बंद पडलेल्या गाळ्याला चालू दुकान धरलंय का, हे टेपने मोजून आणि फोटो काढून तीस दिवसांच्या आत लेखी द्यावं लागतं. ४० ऐवजी ४८ चौरस मीटर लागले तर वरच्या उदाहरणात त्या एका जागेचा कर दरवर्षी ३७५ रुपयांनी जास्त बसतो, आणि पुढची फेरआकारणी होईपर्यंत बसत राहतो.

अंतिम बिल ऑगस्टमध्ये आलं आणि अंमल १ एप्रिलपासून असेल, तर मागच्या महिन्यांचा वाटा एकदम मागू नका. तो वेगळा लिहून तीन-चार हप्त्यांत घ्या. भाडेकरू जुलैमध्ये राहायला आला असेल तर त्याच्याकडून जुलैपासूनचाच. त्याच्या आधीचे महिने त्याचे नाहीत.

पत्र कसं लिहायचं

तोंडी सांगितलेला आकडा दोन महिन्यांत दोघांच्या आठवणीत वेगळा होतो. एका पानाचं पत्र पुरेसं आहे. त्याला जुन्या आणि नव्या बिलाची झेरॉक्स आणि उताऱ्यातली त्या जागेची ओळ जोडावी. तळमजल्याच्या कुटुंबासाठी मजकूर असा होईल:

"श्री. ________ यांस, स. न. वि. वि.

सातारा नगरपालिकेच्या फेरआकारणीनुसार आपल्या घराची घरपट्टी १ एप्रिलपासून वर्षाला ६,८४७ रुपयांवरून १०,०१८ रुपये झाली आहे. पूर्ण घराची वाढ ३,१७१ रुपये आहे. त्यापैकी आपण राहता त्या तळमजल्याच्या ४० चौ.मी. जागेचा कर १,३३९ रुपयांवरून १,८७४ रुपये झाला, म्हणजे वाढ ५३५ रुपये. हिशोब मागील पानावर दिला आहे. माझ्या राहत्या जागेची वाढ, थकबाकी किंवा शास्ती यात धरलेली नाही.

ही रक्कम आपण सप्टेंबरपासून दरमहा ४४ रुपये याप्रमाणे मूळ भाड्याव्यतिरिक्त द्यावी. एप्रिल ते ऑगस्टचे २२० रुपये सोयीने चार हप्त्यांत दिले तरी चालतील. हिशोबात काही चूक वाटल्यास १५ दिवसांत सांगावे, आपण दोघे बसून तपासू. पुढे आकारणी कमी झाली तर फरक आपल्याला परत मिळेल."

पैसे खालच्या रुपयात धरले आहेत. ४४.६४ चे ४५ केले तर वर्षाला ५४० होतात, म्हणजे प्रत्यक्ष वाढीपेक्षा चार रुपये जास्त, आणि जुन्या भाडेकरूच्या बाबतीत तेवढंही करायचं नाही. पत्र देताना दुसऱ्या प्रतीवर "मिळाले" असं लिहून तारखेसह सही घ्यावी. सही द्यायला कोणी कचरलं तर भांडू नका, स्पीड पोस्टाने पाठवा.

भाडेकरूने हिशोब नाकारला तर

बहुतेक वेळा वाद रकमेचा नसतो, क्षेत्रफळाचा असतो. "माझी खोली ४० मीटर नाहीच" असं म्हटलं तर दोघांनी मिळून टेपने मोजावी. मोजणी खरंच कमी भरली तर उतारा चुकलाय. अशा वेळी मोजलेल्या आकड्याने वाटा ठरवावा आणि नोंद दुरुस्तीचा अर्ज मालकाने करावा. तोपर्यंतचा फरक मालकाच्या अंगावर, कारण नोंद बरोबर ठेवणं त्याचं काम आहे.

पैसे दिले नाहीत म्हणून नळ बंद करणं किंवा वीज तोडणं हा गुन्हा ठरतो. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ने अत्यावश्यक सोयी तोडायला बंदी आहे. लेखी मागणी, हिशोबाची प्रत आणि गरज पडली तर वकिलामार्फत नोटीस, एवढाच रस्ता आहे. वाद चालू असताना भाडेकरू मूळ भाडं देत असेल तर ते घेत राहा आणि पावतीवर "करवाढीचा वाटा बाकी" एवढं लिहा.

पावती आणि नोंद

मिळालेल्या प्रत्येक रकमेची पावती देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. पावतीत दोन ओळी करा: मूळ भाडं, आणि घरपट्टी वाढीचा वाटा, कोणत्या महिन्याचा. ऑनलाइन पैसे आले तरी हीच पावती व्हॉट्सॲपवर पाठवावी. प्राप्तिकराच्या विवरणात हा वाटा भाड्याच्या उत्पन्नात धरावा लागतो, आणि मालकाने त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेला नगरपालिकेचा कर भाड्याने दिलेल्या भागापुरता वजा मिळतो. बिल नुसतं आलंय, भरलं नाही, तर वजावट नाही. म्हणून भाडेकरूंकडून वाटा घेतला की त्याच आर्थिक वर्षात बिल भरून टाकावं.

भाडेकरू वर्षाच्या मधेच घर सोडत असेल तर त्याचा वाटा तो घरात राहिला तेवढ्या महिन्यांपुरताच. नोव्हेंबरअखेर जाणाऱ्याचे एप्रिलपासून आठ महिने धरले तर वरच्या उदाहरणात दरमहा ४४ प्रमाणे ३५२ रुपये होतात. त्याने वर्षाचे ५३५ आधीच दिले असतील तर १८३ रुपये अनामतीबरोबर परत करायचे. सुनावणी किंवा अपिलात कर कमी झाला आणि भाडेकरू तेव्हा निघून गेलेला असला, तरी त्याच्या महिन्यांचा फरक त्याचाच आहे. अनामत परत देताना त्याचा फोन नंबर आणि बँक खात्याची नोंद घेऊन ठेवली की तो पाठवता येतो.